मीटिंग संपल्यावर थांबणारी माणसं



व्हिडिओ मीटिंग संपते, सगळे निघून जातात आणि एक जण पडद्यावर तसाच थांबतो. त्याच्या किंवा तिच्या मनात आपल्याविषयी काही आहे का? असेल तर ते ओळखायचं कसं? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. मी संवादशास्त्र शिकवते, आणि काही कंपन्यांच्या अंतर्गत तक्रार समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. या एका प्रश्नाचं चुकीचं उत्तर गृहीत धरून दोन चांगली माणसं एकमेकांना कशी दुखावतात, हे मी जवळून पाहत आले आहे.

हा विषय सिल्लोडमध्ये कशाला, असं काहींना वाटेल. 24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि पुण्या-बंगळुरूतली आपली मुलं लॅपटॉप घेऊन घरी परतली. त्यातल्या काहींचं काम नंतरही घरूनच चालू राहिलं. पुढे तर अशी मुलं नोकरीला लागली, ज्यांनी आपल्या सहकाऱ्यांना एकदाही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. कचेरीत माणूस जेवणाच्या टेबलावर दिसतो, जिन्यात भेटतो, बसथांब्यावर उभा असतो. आणि कचेरीत तिसरा माणूस असतो. “अरे, ती सगळ्यांशीच अशी मोकळी बोलते, तू भलतं समजू नकोस,” असं सांगणारा मित्र शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो. घरून काम करणाऱ्याला तो मित्र नाही. पडद्यावर जे दिसलं त्याचा अर्थ त्याला एकट्यानं लावायचा असतो, आणि बहुतेक वेळा रात्री लावायचा असतो.

आधी शेवटाचं बोलू. संभाषण संपवणं हे काम दोघांनी मिळून करावं लागतं. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये दूरध्वनीवरच्या बोलण्यांचा अभ्यास करून हे दाखवून दिलं. फोन एकदम ठेवला जात नाही. आधी एक जण ‘बरं मग’ किंवा ‘चला’ असं काहीतरी म्हणतो. त्या शब्दाला स्वतःचा असा विषय नसतो. माझ्याकडचं संपलं, तुझं काही राहिलंय का, एवढंच त्यातून विचारलेलं असतं. समोरच्याचं काही राहिलं असेल तर तो ते काढतो. नसेल तर तोही ‘चला’ म्हणतो आणि मग निरोप होतो. आपल्याकडे पाहुणा चपला पायात घालून दारात अर्धा तास बोलतो, तो याच पायरीवर उभा असतो. दोघांनाही ठाऊक असतं की आता कोणत्याही क्षणी थांबता येईल, म्हणूनच तिथलं बोलणं मोकळं होतं.

व्हिडिओ मीटिंगमध्ये ही पायरी आठ-दहा जणांची असते आणि ती मोडूनच टाकलेली असते. “ओके, थँक यू ऑल,” असं प्रमुख म्हणतो, दोन-तीन हात हलतात आणि चौकटी एकेक करून विझतात. बाहेर पडायला चालावं लागत नाही, एक बटण दाबावं लागतं. त्यामुळे जो दाबत नाही तो ठळक दिसतो. कचेरीत सभा संपल्यावर कागद आवरत बसलेल्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. पडद्यावर मात्र थांबलेल्या माणसाचा चेहरा एकदम मोठा होतो, कारण बाकीच्या चौकटी गेल्यावर सॉफ्टवेअर त्याला सगळी जागा देतं. त्या थांबण्याला वजन येतं ते इथून, आणि त्यातलं पुष्कळसं वजन यंत्रानं घातलेलं असतं.

कारण थांबण्याची साधी कारणं बरीच असतात. ज्यानं मीटिंग बोलावली त्याला बरेचदा सगळे बाहेर पडेपर्यंत थांबावंसं वाटतं. कोणी चॅटमधला दुवा उतरवून घेत असतं. कोणी दुसऱ्या खिडकीत काम करू लागलेलं असतं आणि मीटिंग मागे चालूच राहिलेली असते. नेट अडकलं की चेहरा गोठतो, आणि निघून गेलेला माणूसही काही सेकंद आपल्याकडे बघत बसल्यासारखा दिसतो. शिवाय कनिष्ठ माणूस वरिष्ठाआधी बाहेर पडायला संकोचतो. ही शेवटची गोष्ट वरिष्ठांनी नीट लक्षात घ्यावी. तुमच्यासाठी थांबलेली मुलगी तुमच्या पदासाठी थांबलेली असू शकते.

आणि जे खरोखर बोलत थांबतात, त्यांचं तरी काय? ॲडम मॅस्ट्रोयानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांची संभाषणं त्यांना हवी तेव्हा संपतात का, हा त्यांचा प्रश्न होता. दोघांनाही हवं होतं त्याच वेळी संपलेली संभाषणं जेमतेम 2 टक्के निघाली. बाकीची कोणाला तरी लांबलेली वाटली किंवा लवकर आटोपलेली वाटली. माणसं आपली इच्छा सभ्यतेपोटी लपवतात, हे त्यामागचं कारण. म्हणजे मीटिंगनंतर पंधरा मिनिटं बोलणं चाललं एवढ्यावरून समोरच्याला ते पंधरा मिनिटं हवं होतं, असं म्हणता येत नाही. तिला आठव्या मिनिटालाच निघायचं असेल आणि तिला तसं म्हणता आलं नसेल.

आता एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे, पण त्यातले तपशील तुमच्या ओळखीचे असतील.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीचा आठ जणांचा गट आहे. त्यात सिल्लोडहून काम करणारा एक मुलगा आहे, तो टेस्टिंग करतो. कोल्हापूरहून काम करणारी एक मुलगी आहे, ती कोड लिहिते. रोज सकाळी दहाला वीस मिनिटांची मीटिंग असते. तीन आठवड्यांत पंधरा मीटिंगा झाल्या आणि त्यातल्या नऊ वेळा शेवटी ही दोघंच उरली. पाच-दहा मिनिटं बोलणं झालं. मुलाच्या मनात नऊचा आकडा घर करून बसला.

त्यानं शांतपणे एक वही घ्यावी आणि नऊ वेळा आठवून लिहाव्यात. त्यातल्या पाच वेळा “जरा थांबतेस का, एक बग दाखवायचा आहे,” असं त्यानंच म्हटलं होतं. या पाच वजा करायच्या, कारण तिथे ती थांबली नव्हती, तिला थांबवलं होतं. राहिल्या चार. त्यातल्या दोन गुरुवारच्या होत्या. शुक्रवारी नवी आवृत्ती बाहेर पडायची असते आणि त्यानं हिरवा कंदील दिल्याशिवाय तिचा कोड पुढे जात नाही. त्या दिवशी तिला त्याची गरज होती. राहिल्या दोन. त्या दोन्ही वेळा काम सोडून दुसरं बोलणं झालं खरं, पण ते कोणी सुरू केलं? त्यानं. नऊ होते तिथे हातात काही उरलं नाही.

आता तीच गोष्ट थोडी बदलू. उरलेल्या दोन वेळा बोलणं तिनं सुरू केलं. मागच्या आठवड्यात तो ओझरतं म्हणाला होता की वडील मिरची घेऊन बाजारात जाणार आहेत. तिनं आपणहून विचारलं, भाव बरा मिळाला का. साडेदहाला तिची दुसरी मीटिंग होती, तरी ती दहा एकोणतीसपर्यंत थांबली. निघताना म्हणाली, तुझं ते भावाच्या ॲडमिशनचं उद्या सांग, आणि दुसऱ्या दिवशी तिनंच ते काढलं. इथे आकडा दोनच आहे, पण तो पहिल्या नऊपेक्षा मोठा आहे. कारण यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी तिला स्वतःचं काहीतरी खर्चावं लागलं. लक्षात ठेवावं लागलं, वेळ काढावा लागला, पुढाकार घ्यावा लागला. आणि यातली एकही गोष्ट कामासाठी लागत नव्हती.

अजून एक तपासणी राहिली. ती इतरांशीही अशीच वागते का? आधीच्या टेस्टरशी तिचं बोलणं असंच चालायचं का? काही माणसं स्वभावानंच सगळ्यांची विचारपूस करतात, आणि ती करतात म्हणून गट चालतो. तुलना करायची ती तिच्या स्वतःच्या रोजच्या वागण्याशी. आपल्याला दुसरी कोणतीच पट्टी वापरता येत नाही. एवढं सगळं जुळलं तरी जे सिद्ध होतं ते इतकंच की तिला या मुलाशी बोलायला आवडतं. मैत्री म्हणून की आणखी काही म्हणून, हे वहीत लिहिलेलं नसतं.

पडद्यावरच्या खुणांचं आता पाहू. “ती मीटिंगभर माझ्याकडेच बघत असते,” असं मुलं फार सांगतात. हे पडद्यावर कळूच शकत नाही. बहुतेक लॅपटॉपचा कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला असतो. समोरची व्यक्ती तुमच्या चेहऱ्याकडे पाहते तेव्हा तुम्हाला तिची नजर खाली झुकलेली दिसते, आणि ती कॅमेऱ्याकडे पाहते तेव्हा तिला तुमचा चेहरा नीट दिसत नसतो. शिवाय चौकटींची मांडणी प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळी असते. तुमच्या पडद्यावर ती उजवीकडे आहे आणि तुमच्या बाजूला बघते आहे, पण तिच्या पडद्यावर त्या बाजूला कदाचित मॅनेजर असेल, कदाचित तिचा स्वतःचाच चेहरा असेल. आणि स्वतःचा चेहरा समोर दिसत असला की माणूस त्याच्याकडे वारंवार बघतो. नजरेवरून मन ओळखण्याची आपली जन्मजात सवय इथे निकामी ठरते.

कॅमेरा बंद असण्याचंही तसंच. आपल्याकडच्या घरात माजघरात बसून काम चालतं, मागे आजी असते, लहान भाऊ येतो-जातो, आवाज चार खोल्यांत ऐकू जातो. नेट संथ असेल तर चित्र बंद केल्यावर आवाज तरी नीट जातो. कॅमेरा बंद म्हणजे नाराजी असं कोणी समजू नये. फक्त दोघंच उरल्यावर कोणी आपणहून कॅमेरा चालू केला, तर त्या बदलाकडे लक्ष जाणं मी समजू शकते. तरी तोही बदल एकदा घडून भागत नाही.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती आपल्या गावांसाठी महत्त्वाची. 2009 मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं त्यात दिसलं. इतक्या बारीक अंतरावर आपण समोरच्याचा उत्साह मोजत असतो, आपल्या नकळत. आता या अंतरात नेटचा विलंब मिसळा. 2014 मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की दुव्यावर सव्वा सेकंदाच्या आसपास विलंब घातला तरी ऐकणाऱ्याला समोरचा माणूस कमी आपुलकीचा आणि कमी लक्ष देणारा वाटू लागतो. दोष तारेत असतो, आणि आपण तो स्वभावावर लावतो. सिल्लोडच्या मुलानं विनोद केला आणि कोल्हापूरच्या मुलीचं हसू दीड सेकंदानं आलं, तर ते हसू ओढूनताणून आणलेलं नसतं. ते रस्त्यात होतं.

आता चॅट. तिथल्या खुणा मोजता येतात म्हणून त्या खऱ्या वाटतात. टीम्समधलं हिरवं वर्तुळ घ्या. संगणकाला पाच मिनिटं हात लागला नाही की ते पिवळं होतं. “ती ऑनलाइन असून उत्तर देत नाही,” यातलं ऑनलाइन म्हणजे एवढंच की तिनं नुकताच माऊस हलवला. व्हॉट्सॲपवर 2014 पासून निळ्या खुणा आल्या, त्या बंदही करता येतात, आणि सूचनेच्या पट्टीवरच मेसेज वाचला तर त्या उमटतही नाहीत. ‘टायपिंग’ असं येऊन थांबलं की आपण मनात एक संपूर्ण नाटक उभं करतो. तिकडे आईनं हाक मारलेली असते.

उत्तराला किती वेळ लागला, यावर योरम काल्मन आणि शैझाफ राफाएली यांनी बरंच काम केलं आहे. त्यांचं एक निरीक्षण उपयोगी आहे. कोणत्याही माध्यमात बहुतेक उत्तरं त्या ठिकाणच्या सरासरी वेळेच्या आत येतात आणि सरासरीच्या दहापट वेळ उलटून गेला तर उत्तर सहसा येतच नाही. म्हणजे जी व्यक्ती एरवी अर्ध्या तासात उत्तर देते तिनं दोन तास लावले, तर त्यात वाचण्यासारखं काही नाही. त्या व्यक्तीनं तुमच्या कामाबाहेरच्या मेसेजला दोन दिवस उत्तर दिलं नाही आणि त्याच काळात कामाच्या मेसेजला मात्र दिलं, तर ते उत्तरच समजा. तिनं शब्द वापरले नाहीत, कारण उद्या सकाळी दहाला तुमच्याबरोबर काम करायचं आहे.

चॅटमध्ये मी खरी खूण मानते ती जागा बदलण्याची. कंपनीचं चॅट सोडून समोरच्या व्यक्तीनं आपणहून स्वतःचा नंबर दिला आणि कामाशी संबंध नसलेलं काही पाठवलं, तर तिनं एक उंबरठा ओलांडला आहे. यातला ‘आपणहून’ हा शब्द सोडू नका. नंबर ग्रुपमधून काढून रात्री अकराला ‘झोपलीस का’ असं पाठवणं हा उंबरठा ओलांडणं नव्हे, ती घुसखोरी आहे. माझ्यासमोर आलेल्या तक्रारींची सुरुवात याच दोन शब्दांपासून होताना मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

इतक्या खुणा पाहिल्यावर माणूस समोरासमोर तरी बरोबर ओळखतो का? जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकानं एकमेकांना अनोळखी अशा विद्यार्थ्यांच्या 52 जोड्यांना काही मिनिटं बोलायला बसवलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. समोरच्यानं लाडिक बोलणं केलं नव्हतं, तेव्हा ते 80 टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखलं गेलं. समोरच्यानं ते केलं होतं, तेव्हा पुरुषांनी 36 टक्के आणि स्त्रियांनी 18 टक्के वेळाच ओळखलं. एकाच खोलीत, समोरासमोर बसून ही अवस्था. उलट बाजूही आहे. ॲन्टोनिया ॲबी यांनी 1982 मध्ये दाखवलं की तरुणीचं साधं स्नेहाचं बोलणं पाहणाऱ्या पुरुषांना त्यात स्त्रियांपेक्षा जास्त आकर्षण दिसतं. असलेलं दिसत नाही आणि नसलेलं दिसतं, अशा दोन्ही चुका आपण करतो. पडद्यावर त्या कमी होण्याचं काहीच कारण नाही.

अंदाज आणि शब्द यांतला फरक दाखवणारी एक जागा जवळच आहे. आपल्या तालुक्यातल्या अजिंठा गावात पारोची समाधी आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आलेला रॉबर्ट गिल आणि पारो यांच्यावर कविता झाली, चित्रपट झाला. त्या दोघांमधल्या नजरा, भेटी, संकेत आपण कल्पनेनं भरून काढतो. ठामपणे हाती लागतं ते एका दगडावरचं लेखन. ती माझी प्रिय होती, असं गिलनं तिथे कोरून घेतलं आणि खाली 1856 साल आहे. त्यानं ते शब्दांत सांगितलं म्हणून आज जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनीही आपल्याला ते माहीत आहे. बाकी सगळा अंदाज आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की खुणा वाचायच्या त्या एवढ्यासाठीच, की विचारण्याजोगं काही आहे का ते कळावं. निकाल त्यांच्यावर लावायचा नाही. निकाल विचारूनच लागतो, आणि विचारण्याची एक रीत आहे.

पहिली गोष्ट, मीटिंगच्या खोलीत विचारू नका. टीम्सवर मीटिंगचं रेकॉर्डिंग चालू असेल तर ते कोणी थांबवेपर्यंत किंवा सगळे बाहेर पडेपर्यंत चालूच राहतं आणि त्याचा दुवा सगळ्या गटाच्या चॅटमध्ये येऊन पडतो. दोघंच उरलो असं तुम्हाला वाटतं, पण पुढचं सगळं आठ जणांना ऐकता येतं. कोण किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, याची यादीही मीटिंग बोलावणाऱ्याला मिळते. दुसरी गोष्ट, तुमच्या हातात तिची पगारवाढ, रजा किंवा मूल्यमापन असेल तर विचारूच नका, कारण तिला मोकळेपणानं ‘नाही’ म्हणता येणार नाही. तिसरी गोष्ट, वाक्य असं असू द्या की नकार सहज देता येईल. “तुझ्याशी कामापलीकडे बोलायला मला आवडतं. पुण्याला येणं होईल तेव्हा चहाला भेटायला आवडेल. तुला तसं वाटत नसेल तर काही हरकत नाही, आपलं काम आहे तसंच चालेल.” एवढं पुरे. यात शपथा नाहीत, आणि ‘तू थांबायचीस म्हणून मला वाटलं’ असा आरोपही नाही. उत्तर टळलं, विषय बदलला किंवा ‘बघू’ असं आलं, तर तो नकार समजा.

मुलींसाठीही मी हेच सांगते. थांबावंसं वाटत असेल तर थांबा, विचारावंसं वाटत असेल तर तुम्हीही विचारा. थांबायचं नसेल तर ‘चला, मी निघते’ म्हणून बटण दाबा. त्यासाठी कारण द्यायची गरज नाही.

आणि कायदा माहीत असू द्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा अधिनियम कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत घराचाही समावेश करतो. त्यामुळे सिल्लोडच्या माजघरातला लॅपटॉपही त्याच्या कक्षेत येऊ शकतो. तो कायदा ‘नकोसं’ वागणं मोजतो, आणि त्यात न बोलता केलेलं वागणंही येतं. एकदा सभ्यपणे विचारणं आणि नकार मिळाल्यावरही मीटिंगमागून मीटिंगा कोणाला थांबवून ठेवणं, यांत मोठा फरक आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, आणि चॅटचे जपून ठेवलेले स्क्रीनशॉट तिथे उपयोगी पडतात.

इथे बसलेल्या आईवडिलांना एक विनंती आहे. मुलगी मीटिंग संपल्यावर पाच मिनिटं हसून बोलली म्हणून दारातून डोकावू नका, आणि मुलगा तासभर मोबाइलकडे बघत बसला तर त्याला एकदा जवळ बसवून विचारा. पूर्वी कचेरीतला शेजारच्या खुर्चीतला मित्र जे काम करायचा, ते काम करणारं आता घरात तुमच्याशिवाय कोणी नाही.